मातीखाली गाडल्याचं स्वप्न



आज जरा घरगुती पण गंभीर विषय आहे. गेलं दीड वर्ष मला एकच स्वप्न पडत होतं. मी पेवात उतरलेली असते. वरून कुणीतरी पेवाचं तोंड बंद करायला लागतं. आधी उजेड जातो, मग माती पडायला लागते. खांद्यावर, डोक्यावर, शेवटी तोंडात. ओरडायला जावं तर आवाज निघत नाही, हात हलत नाहीत. मग एकदम घशातून घरघर आवाज येऊन मी उठून बसायची. छाती धडधडतेय, मानेला घाम, तोंड इतकं कोरडं की खरंच माती खाल्ल्यासारखं. घड्याळात बघावं तर चार, सव्वाचार.

माझं माहेर सांगलीजवळचं हरिपूर. तिथली हळदीची पेवं तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असतील. जमिनीत खोल खणलेला खड्डा, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की ती कितीतरी दिवस टिकायची. लहानपणी आम्हांला पेवाच्या जवळ फिरकायला बंदी होती. त्यामुळं स्वप्नात पेव येतं याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते इतक्या वर्षांनी, चोपन्नाव्या वर्षी का येतं याचं.

वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मातीचं स्वप्न चांगलं नव्हे गं, एखादं विधान करून घे." मनात भीती बसली. त्रिशलामातेची सोळा स्वप्नं आपण लहानपणापासून ऐकतो, तेव्हा स्वप्नाला फळ असतं हे आपल्या रक्तातच असतं. शेवटी स्वाध्यायाला येणाऱ्या पंडितजींनाच विचारलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, शरीर बिघडलेलं असताना पडलेल्या स्वप्नाचं फळ बघायचं नसतं. तेव्हा शरीर बघायचं."

मी शरीरही दाखवलं. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छातीचा आलेख काढला, सगळं बरं होतं. मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, मी काळजी करते, म्हणून चिंतेचा त्रास असं ठरलं आणि झोपेची गोळी सुरू झाली. गोळीनं झोप लागायची, पण स्वप्न काही थांबलं नाही. उलट ते लांबलं. आधी माती तोंडात गेली की जाग यायची, आता बराच वेळ मातीखालीच असायची. सकाळी डोकं जड, दुखरं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं. दिवसभर पेंग. सामायिकाला बसलं की मान खाली. सगळ्यांना वाटायचं वयाचं आहे, मलाही तसंच वाटायचं.

मग तो दिवस आला. लेक बाळंतपणाला आलेली, नात सव्वा महिन्याची. सकाळी अकरा वाजता तिला न्हाऊ घालून, शेक देऊन मी पायांवर घेऊन बसले होते. मला कळलंच नाही कधी डोळा लागला. लेकीच्या ओरडण्यानं जाग आली. बाळ माझ्या पायांवरून घसरून पाटाच्या कडेला आलं होतं आणि लेकीनं ते वरच्यावर धरलं होतं. काही झालं नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवशी मी बाळाला पुन्हा घेतलं नाही.

त्याच रात्री लेक माझ्या खोलीत झोपली. पहाटे चारला ती बाळाला पाजायला उठली होती, आणि शेजारी मी झोपले होते. सकाळी तिनं विचारलं, "आई, तू श्वास थांबवतेस का गं?" ती म्हणाली, मी घोरत होते, पण फार मोठ्यानं नाही. मग एकदम शांत. पोट आणि छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून आवाज नाही, वारा नाही. तिनं मोबाइलच्या घड्याळावर मोजलं तर पंचवीस सेकंद. मग घरघर करून एक मोठा श्वास. पुन्हा मिनिटभरानं शांत, या वेळी तीस सेकंद. कायोत्सर्गात नऊ णमोकार आपण सत्तावीस श्वासांत म्हणतो, श्वासाकडं लक्ष द्यायचं आपल्याला वळण असतं. पण स्वतःचा झोपेतला श्वास कुणी मोजलाय?

ते मोजलेलं घेऊन आम्ही छातीच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी मला चार प्रश्न विचारले. मला वाटतं ते प्रत्येकीनं स्वतःला विचारून ठेवावेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न, जाग किती वाजता येते. दुसरा, उठल्यावर स्वप्न आठवतं का. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. आपली झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ठळक स्वप्नांची झोप येते. तिला डॉक्टर रेम झोप म्हणतात. पहिल्या फेरीत ती काही मिनिटांचीच असते, पहाटेकडं मात्र अर्धा-अर्धा तास चालते. चिंतेचा झटका रात्री येतो तो बहुधा झोपेच्या पहिल्या काही तासांत, गाढ झोपेत शिरताना, आणि त्यात बहुतेक वेळा स्वप्न आठवत नाही. माणूस नुसता घाबरून उठतो. माझं उलट होतं. वेळ पहाटेची आणि स्वप्न अगदी स्पष्ट.

तिसरा प्रश्न, उठून बसल्यावर श्वास किती वेळात सुरळीत होतो. माझा दोन-चार श्वासांतच व्हायचा. धडधड राहायची, पण हवा लगेच मिळायची. दम्याच्या बाईला असं होत नाही. तिलाही पहाटेच त्रास होतो, पण छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, खोकला येतो आणि फवारा घेतल्याशिवाय बराच वेळ सुटका नसते. हृदय कमजोर असेल तर झोपल्यावर तास-दोन तासांत धाप लागून जाग येते, उठून बसल्यावर हळूहळू बरं वाटतं, उशा वाढवाव्या लागतात, पायांना सूज असते. असं कुणाला होत असेल तर तिनं स्वप्नाचा विचार करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

चौथा प्रश्न घरच्यांना होता. श्वास थांबताना पोट-छाती हलते का? लेकीनं सांगितलं, हलते. डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे श्वास घ्यायची ओढ आहे, वाट बंद आहे.

ही वाट कशी बंद होते ते त्यांनी सांगितलं आणि मला माझं स्वप्न कळलं. स्वप्नांच्या झोपेत आपण स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू जवळजवळ सगळे स्नायू ढिले सोडतो. स्वप्नात पळता येत नाही, ओरडता येत नाही असं वाटतं, ते कदाचित त्यामुळंच. श्वासाचा पडदा तेवढा चालू राहतो. पण घशाचे स्नायूही ढिले पडतात, आणि ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो त्यांची वाट मिटते. पडदा खाली ओढतोय आणि वर दार बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. हा साठणारा वायू मेंदूला फार लवकर कळतो, आणि गुदमरल्याची भीती मुख्यतः त्यानंच येते. माणूस जागा असता तर ताडकन उठला असता. तो स्वप्नात असला तर मेंदू त्या गुदमरण्याला आपल्या साठ्यातलं एखादं चित्र लावू शकतो. माझ्या साठ्यात पेव होतं. दुसरीच्या साठ्यात नदी असेल, तोंडावर दाबलेली उशी असेल, बंद पडलेली लिफ्ट असेल. मातीचा वेगळा अर्थ काही नव्हता. शेवटी शरीर घाबरून ताकदीचं औषध, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन सोडतं, घसा उघडतो, घरघर होते, जाग येते. धडधड आणि घाम त्याचाच.

इथं मला अप्पा आठवले. पेव उघडलं की ते कुणाला लगेच आत उतरू द्यायचे नाहीत. बंद पेवात आतल्या मालानं प्राणवायू वापरलेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसलेला असतो. तोंड उघडून बराच वेळ वारा लागू द्यायचा, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत मंदावली तर कुणी उतरायचं नाही. रोज पहाटे माझ्या घशाचं पेव बंद होत होतं आणि कंदील मंदावत होता. मी मात्र चिंतेची गोळी घेत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, झोपेच्या पुष्कळ गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि जागही उशिरा आणतात. स्वप्न का लांबलं ते तेव्हा समजलं. पण त्यांनी गोळी एकदम बंद करू दिली नाही, काही आठवड्यांत हळूहळू कमी केली. तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर मनानं थांबवू नका.

मग एक रात्र रुग्णालयात झोपून तपासणी झाली. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. या अवतारात झोप कशी लागणार असं वाटलं होतं, पण लागली. अहवालात पहिला आकडा होता, तासाला 11. म्हणजे तासाला सरासरी अकरा वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला. पाचपर्यंत ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, पुढं तीव्र. म्हणजे माझा आजार सौम्य. आमचे हे म्हणाले, "बघ, काही विशेष नाही."

डॉक्टरबाईंनी पान उलटून दाखवलं. मी सहा तास झोपले होते आणि एकूण 66 वेळा श्वास अडला होता. सहा तासांपैकी स्वप्नांची झोप फक्त 72 मिनिटं, आणि त्या 72 मिनिटांतच 48 वेळा. म्हणजे त्या झोपेत तासाला 40. उरलेल्या 288 मिनिटांत फक्त 18 वेळा, म्हणजे तासाला चारसुद्धा नाही. रात्रभराची सरासरी काढली की पहाटेचं वादळ त्यात बुडून जातं. त्या वेळात माझा प्राणवायू 78 टक्क्यांपर्यंत उतरला होता. जागेपणी तो 97 असतो.

त्या म्हणाल्या, बायकांमध्ये हा असा प्रकार जास्त दिसतो. स्लीप अ‍ॅप्निया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्यानं घोरणारा जाड पुरुष येतो. बाई येते ती झोप लागत नाही, थकवा आहे, डोकं दुखतं, घाबरल्यासारखं होतं अशा तक्रारी घेऊन, आणि तिच्या कागदावर चिंता लिहिली जाते. पाळी असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला थोडा टेकू देतं, पाळी गेल्यावर तो टेकू जातो. माझं वजन 61 किलो, फार नाही, पण हनुवटी लहान आणि मागं आहे, जीभ मागं पडायला जागा कमी. घरी करायच्या लहान यंत्राच्या तपासणीत असा आजार निसटू शकतो, कारण त्यात डोक्याच्या तारा नसतात. आपण नुसत्या पडून राहिलो तरी तो वेळ झोपेत धरला जातो आणि सरासरी आणखी खाली येते. तेव्हा घरची तपासणी चांगली आली आणि त्रास तसाच राहिला तर रुग्णालयातल्या तपासणीबद्दल विचारायला संकोच करू नका.

उपाय म्हणून सीपॅप आलं. उशाशी लहानसं यंत्र, नळी आणि नाकावर मुखवटा. यंत्र ठरावीक दाबानं हवा सोडतं आणि त्या हवेच्या आधारानं घसा उघडा राहतो. पहिल्या रात्री मुखवटा लावला आणि मला वाटलं, हेच ते पेव. दहा मिनिटांत काढून फेकला. असं पुष्कळांचं होतं म्हणे. मग तिथल्या ताईंनी रीत सांगितली. दिवसा, जागेपणी, बसून सराव करायचा. दोन दिवस पट्टा न लावता मुखवटा नुसता हातानं नाकाशी धरायचा. मग पट्टा लावायचा, यंत्र बंद ठेवून. मग यंत्र चालू करून पंधरा-वीस मिनिटं. मी त्या वेळात जपाची माळ घ्यायची. जप मनातल्या मनात, तोंड बंद. हवा आत येते आणि मुखवट्याच्या छिद्रांतून बाहेर जाते, वीज गेली तरी माणूस गुदमरत नाही, हे हाताला आणि मनाला पटायला आठ दिवस लागले. नवव्या रात्री चार तास झोपले.

पण स्वप्न पडलंच, साडेचारला. कारण साधं होतं. अडीच-तीनला लघवीला उठल्यावर मी मुखवटा काढून ठेवायची, झाली की झोप म्हणून. म्हणजे ज्या तासांत श्वास सर्वांत जास्त थांबतो तेच तास उघडे. चार तास वापर झाला की पुष्कळजण समाधान मानतात. माझ्यासारखीला मात्र शेवटचे दोन तासच महत्त्वाचे. तेव्हापासून उठल्यावर पुन्हा लावते. नंतर लघवीला उठणंही कमी झालं, कारण तेही श्वास अडण्यामुळंच होत होतं.

आपल्या नियमातल्या बायकांसाठी दोन गोष्टी. सूर्यास्तानंतर पाणी नाही, त्यामुळं मला तोंड कोरडं पडण्याची धास्ती होती. यंत्राला पाण्याची लहान टाकी आणि गरम करायची सोय असते, हवा ओलसर येते. त्यात डिस्टिल्ड पाणी घालायचं, सकाळी उरलेलं काढून टाकी कोरडी करायची, तसंच ठेवायचं नाही. मुखवटा रोज साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायचा. दुसरं, रात्री न जेवण्याचा नियम इथं कामाला येतो. भरल्या पोटी आडवं होणं घशाला बरं नसतं. उताणं न झोपता कुशीवर झोपण्याचाही मला फायदा झाला.

दोन महिन्यांत स्वप्न आठवड्यातून एकावर आलं, डोकेदुखी गेली, दुपारची पेंग गेली. पण एक गोष्ट राहिली. संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. झोपेचीच भीती. डॉक्टरबाई म्हणाल्या, दीड वर्ष रोज पहाटे घाबरून उठलेलं मन लगेच विसरत नाही. श्वासामुळं चिंता आली, आता चिंता स्वतःच्या पायांवर उभी आहे. त्यांनी एका समुपदेशक बाईंकडं पाठवलं. तिथं सांगितलेला उपाय असा. दिवसा, शांतपणे, स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यातलं काहीतरी आपल्याला हवं तसं बदलून पुन्हा लिहायचं आणि ते बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचं.

मी लिहिलं, मी पेवाच्या तळाशी आहे. वरून माती येत नाही, दोरी येते. दोरीला अप्पांचा कंदील आहे. ज्योत ताठ आहे. अप्पा वरून म्हणतात, "हवा चांगली आहे गं, चढून ये." आणि मी चढते. इतकंच. महिनाभर रोज बघितलं. पेव अजून अधूनमधून येतं, पण तोंड उघडं असतं.

एक सांगून थांबते. अशी स्वप्नं पडतात त्या सगळ्यांना हा आजार नसतो, आणि हा आजार असलेल्या पुष्कळांना अशी स्वप्नं पडतच नाहीत. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपासारख्या प्रसंगात जी माणसं खरोखर मातीखाली सापडली, त्यांना असं स्वप्न पडलं तर ते आठवणीचं असतं, त्याला मनाचे उपचार वेगळे. पण स्वप्न पहाटेचं असेल, सकाळी डोकं जड असेल, दिवसा बसल्याबसल्या डोळा लागत असेल, तर एक रात्र घरातल्या कुणालातरी चार वाजता उठून तुमचा श्वास मोजायला सांगा. घड्याळ लावून, सेकंदांत. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

नात आता सात महिन्यांची झाली. काल तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. लेक दारात उभी होती, पण नुसती बघायला.

जय जिनेंद्र.